चित्रात दाखवलं ते कढईत हवं



आज आपण थंबनेलबद्दल बोलणार आहोत. यूट्यूबवर व्हिडिओ उघडायच्या आधी त्याचं जे छोटं चित्र दिसतं, त्याला थंबनेल म्हणतात. आपल्यातल्या बऱ्याच गटांनी आता रेसिपीचे चॅनेल काढलेत. कुणी मसाले विकतं, कुणी पापड, कुणी पीठ. व्हिडिओ चांगला होतो, पण तो उघडायचा की नाही हे बघणारी त्या बोटभर चित्रावरून ठरवते. म्हणून ते चित्र उठावदार हवं. पण उठावदार करायच्या नादात आम्ही एकदा कशा आपटलो, ते आधी सांगतो.

आमचा गट हुलग्याचं पीठ विकतो. कोकणात हुलग्याला कुळीथ म्हणतात. पावसाळ्यात आम्ही हुलग्याच्या शेंगोळ्यांचा व्हिडिओ केला. शेंगोळे चवीला झकास, पण दिसायला तपकिरी. रस्साही तपकिरी. फोटो काढला तर नुसता मातीचा गोळा दिसायचा. मग आमच्यातल्या एकीच्या मुलीनं मोबाइलवर रंग वाढवला आणि रस्सा लालभडक करून टाकला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘फक्त ५ मिनिटांत’. आम्हालाही ते आवडलं.

दोन दिवस आम्ही खुशीत होतो, कारण इतक्या जणींनी आमचा कुठलाच व्हिडिओ उघडला नव्हता. मग खाली लिहिलेलं वाचायला लागलो. ‘लाल तर्री कुठे गेली?’ ‘पाच मिनिटं म्हणता, नुसतं पीठ मळायलाच तेवढी लागली.’ आणि एक दिवस एका ताईंचा फोन आला. त्यांनी आमच्याकडून दोन किलो पीठ मागवलं होतं. पाहुणे आले म्हणून घाईत चित्रातल्या पाच मिनिटांवर विसंबून शेंगोळे केले आणि ते आतून कच्चे राहिले. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “ताई, पीठ जुनं होतं का हो?”

त्या प्रश्नानं आमचे डोळे उघडले. पीठ ताजं होतं. खोटं बोललं होतं ते चित्र, आणि बोल लागला पिठाला. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं आपण दुसऱ्याला ऐकवतो. इथे फसवणाऱ्या आपणच होतो.

आम्ही ते चित्र काढून टाकलं आणि नव्यानं करायला बसलो. ते करताना जे शिकलो, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी प्रश्न शोधायचा

शेंगोळ्यांचा व्हिडिओ कोण उघडतं? जिला शेंगोळे माहीतच नाहीत ती फार कमी उघडते. जिच्या आईच्या हातचे शेंगोळे जमायचे आणि स्वतःचे जमत नाहीत, ती उघडते. तिची अडचण काय असते, हे आम्ही बैठकीत एकमेकींना विचारलं. दहापैकी बहुतेकींचं उत्तर एकच आलं, ‘माझे शेंगोळे पाण्यात फुटतात आणि विरघळून जातात.’

म्हणजे तिला लाल रंग नको आहे आणि पाच मिनिटंही नको आहेत. तिला शाबूत शेंगोळे हवेत. आणि ते आमच्या व्हिडिओत होतं! पीठ घट्ट मळायचं, हुलग्याच्या पिठाला धरून ठेवायला थोडं गव्हाचं किंवा ज्वारीचं पीठ घालायचं, फोडणीच्या पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच शेंगोळे सोडायचे, तेही थोडे थोडे, म्हणजे उकळी मोडत नाही. सोडल्या सोडल्या लगेच डाव घालायचा नाही. हे सगळं आम्ही सांगितलं होतं. पण ते व्हिडिओच्या मध्यात होतं आणि चित्रात त्याचा मागमूस नव्हता.

म्हणून आमचा पहिला नियम झाला: व्हिडिओ ज्या एका प्रश्नाचं उत्तर देतो, तो प्रश्न चित्रात दिसला पाहिजे. पुरणपोळीचा व्हिडिओ असेल तर प्रश्न बहुधा ‘पोळी फाटते’ हा असतो. चकलीचा असेल तर ‘मऊ पडते’ किंवा ‘तेलात विरघळते’. भाकरीचा असेल तर ‘फुगत नाही’. नुसतं भरलेलं ताट दाखवलं तर ते दुसऱ्या शंभर ताटांसारखंच दिसतं. अडचण दाखवली की जिची ती अडचण आहे, तिचं बोट आपोआप थांबतं. तिला ओढायला खोटं काही लागत नाही.

एकाच चुलीवर दोन भांडी

मग आम्ही ठरवलं की चित्रात दोन वाट्या दाखवायच्या. डावीकडे फुटलेले शेंगोळे, उजवीकडे शाबूत. पण फुटलेले आणायचे कुठून? आता आमच्या हातून ते फुटत नव्हते! एकजण म्हणाली, नुसते कुस्करून ठेवू. तेव्हा दुसरी म्हणाली, मग पुन्हा तेच झालं की. आपल्याला फुटलेले दाखवायचे तर खरे फुटलेले दाखवू.

म्हणून मूठभर पीठ मुद्दाम सैल मळलं आणि शेंगोळे कोमट पाण्यात सोडले. मग पाणी तापवत गेलो. थोड्या वेळात त्यांच्या कडा सुटल्या, पाणी गढूळ झालं आणि शेवटी त्याचं माडग्यासारखं झालं. ते आम्ही वाया घालवलं नाही, मीठ-लसूण घालून पिऊन टाकलं. पण त्याआधी ते सगळं मोबाइलवर टिपलं आणि व्हिडिओच्या अगदी सुरुवातीला लावलं. आता व्हिडिओ उघडला की पहिल्या अर्ध्या मिनिटातच दोन्ही भांडी दिसतात आणि आम्ही सांगतो, ‘हे का फुटले आणि हे का नाही, ते बघा.’

चित्र खरं ठेवायचं ठरवलं आणि त्यामुळे व्हिडिओच सुधारला. याच्या आधी आम्ही व्हिडिओ पूर्ण करून मग चित्राचं काय ते बघायचो. यूट्यूब आपोआप व्हिडिओतले तीन क्षण सुचवतं, त्यातला एक लावून मोकळ्या व्हायचो. तो क्षण म्हणजे बहुतेक वेळा हललेला हात किंवा झाकण ठेवलेलं पातेलं. आता आम्ही चूल पेटवायच्या आधी चित्र ठरवतो आणि स्वयंपाक चालू असतानाच त्या क्षणाला थांबून वेगळा फोटो काढतो. स्वतःचं चित्र लावायला मात्र चॅनेलवर आपला फोन नंबर पडताळून घ्यावा लागतो. ते एकदाच करायचं असतं.

तपकिरी पदार्थ उठून कसा दिसेल

रंग वाढवायचा नाही, मग शेंगोळे दिसणार कसे? त्याचं उत्तर उजेडात आहे.

आम्ही भांडं दारापाशी नेलं. थेट ऊन नको, त्यानं काळ्या सावल्या पडतात. दारातून येणारा सावलीतला उजेड एका बाजूनं पडू द्यायचा. बाजूनं उजेड आला की प्रत्येक शेंगोळ्याची एक बाजू उजळ आणि एक बाजू सावलीत राहते, त्यामुळे त्याचा गोल आकार समजतो. आपल्या पाठीमागून किंवा फोनच्या फ्लॅशचा उजेड पडला तर सगळं सपाट दिसतं. आमचा पहिला मातीचा गोळा त्यामुळेच झाला होता. घरातली ट्यूब आणि बल्ब तेवढा वेळ बंद ठेवायचे. दोन प्रकारचे उजेड मिसळले की फोनला खरा रंग कळत नाही आणि पदार्थ पिवळट नाहीतर निळसर दिसतो.

नंतर भांडं बदललं. स्टीलच्या ताटलीत छत आणि आपलाच चेहरा चमकतो. काळ्या कढईत तपकिरी रस्सा बुडून जातो. पांढऱ्या वाटीत तो लगेच वेगळा दिसला. पण पांढरं जास्त असलं की फोन सगळा फोटो काळपट करतो. अशा वेळी पडद्यावर पदार्थावर बोट टेकवायचं. बऱ्याच फोनमध्ये शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवलं की उजेड वाढतो. फोटो काढण्याआधी पदरानं लेन्स पुसायला विसरू नका. स्वयंपाकघरात त्यावर तेलाचा आणि वाफेचा थर बसलेला असतो आणि त्यामुळे फोटो धुरकट येतो. आणि बोटानं चित्र मोठं करण्यापेक्षा फोनच जवळ न्या.

काही फोनमध्ये जेवणाच्या फोटोसाठी वेगळी सोय असते. ती लाल आणि पिवळा रंग आपोआप वाढवते. आम्ही ती बंद ठेवतो. फोटो काढून झाला की फोन त्या भांड्याशेजारी धरून बघायचा. फोटो जरा काळा आला असेल तर उजेड वाढवायला हरकत नाही, कारण डोळ्याला दिसतं तिथपर्यंतच आपण त्याला आणतो. पण भांड्यात नसलेला रंग फोनमध्ये दिसत असेल, तर तो परत खाली आणायचा.

मग सजवायचं किती? यावर आमच्यात बराच वाद झाला. एकजण म्हणाली, कोथिंबीर घालणं हीसुद्धा फसवणूकच. दुसरी म्हणाली, मग ताटाची कडही पुसायची नाही का? शेवटी आम्ही एक साधी रेघ ओढली. घरी पाहुण्यांना वाढताना आपण जे करतो, ते चित्रात चालेल. कड पुसतो, चांगले आकाराचे चार वर ठेवतो, व्हिडिओत घातली असेल ती कोथिंबीर वर भुरभुरतो. पण खाण्याच्या ताटात आपण जे कधीच घालणार नाही, ते चित्रातही नाही. म्हणजे वरून ओतलेलं लाल तेल नाही, दुसऱ्या कुणाच्या शेंगोळ्यांचा फोटो नाही. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोचा तर दुहेरी धोका आहे. तो आपला पदार्थ नसतो, आणि फोटोवर त्याच्या मालकाचा हक्क असतो.

अक्षरं थोडी, पण खरी

चित्र आडवं हवं, रुंदी १६ तर उंची ९ या मापात. १२८० बाय ७२० हे माप चालतं. मापाचं काम ॲप करून देतं. पण आपण काम करतो मोठ्या पडद्यावर, आणि बघणारीला ते दिसतं आगपेटीएवढं. म्हणून तीन-चार शब्दांहून जास्त लिहू नये. आमच्या नव्या चित्रावर आम्ही दोनच जागी लिहिलं. डाव्या वाटीवर ‘फुटले’ आणि उजव्या वाटीवर ‘शाबूत’. पदार्थाचं नाव चित्रात नाही, कारण ते खाली शीर्षकात येतंच. शीर्षकात मात्र ‘हुलग्याचे शेंगोळे’ आणि ‘कुळथाचे शेंगोळे’ ही दोन्ही नावं घातली, म्हणजे ज्या भागात जे नाव चालतं त्या नावानं शोधणारीला ते सापडावं.

आपल्या अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार असतात, हेही लक्षात घ्यावं लागतं. ओळ चित्राच्या अगदी वरच्या कडेला चिकटवली तर वेलांटी किंवा मात्रा कापली जाते. जोडाक्षरं लहान आकारात एकमेकांत मिसळतात, म्हणून जाड आणि साधं वळण घ्यावं आणि अक्षराला विरुद्ध रंगाची कड द्यावी. उजवीकडचा खालचा कोपरा मोकळा सोडा. तिथे यूट्यूब व्हिडिओ किती मिनिटांचा आहे ते दाखवतं, आपलं अक्षर त्याखाली झाकलं जातं.

वेळ लिहायचीच असेल तर घड्याळ लावून मोजा. आम्ही मोजली. मसाला वाटणं, पीठ मळणं, शेंगोळे वळणं आणि शिजवणं मिळून पाऊण तास गेला. तो आकडा चित्रावर घालण्यात काही मजा नव्हती, म्हणून घातलाच नाही. पण व्हिडिओत सुरुवातीलाच सांगून टाकला, आणि शिजला की नाही हे कसं बघायचं तेही: एक शेंगोळा तोडायचा, आतपर्यंत एकच रंग दिसला की शिजला, मध्ये कोरडं पीठ दिसलं तर अजून उकळू द्यायचं. त्या फोनवाल्या ताईंना हेच हवं होतं.

तीन बायकांची परीक्षा

चित्र लावायच्या आधी आम्ही आता एक परीक्षा घेतो. व्हिडिओ न पाहिलेल्या तिघींना बोलावतो, त्यात एक तरी चष्मा लागलेली म्हातारी बाई असते. फोनवर चित्र छोटं ठेवून हातभर लांबून दाखवतो आणि एकच प्रश्न विचारतो, “हे उघडलं तर आत काय दाखवतील?”

त्या जे सांगतात ते लिहून घ्यायचं. काही दिसलंच नाही असं म्हणाल्या तर चित्र अजून साफ करायचं. त्यांनी जे सांगितलं ते व्हिडिओत सुरुवातीलाच असेल तर चित्र पास. आणि त्यांनी असं काही सांगितलं जे व्हिडिओत नाहीच, तर आपण लबाडी केली नसली तरी चित्र लबाडी करतंय. एकदा आमच्या लसणाच्या चटणीच्या चित्रात मागे तळलेल्या भज्यांची ताटली राहिली होती. तिघींपैकी दोघी म्हणाल्या, “भजी शिकवताय का?” ताटली काढली आणि फोटो परत घेतला.

आकडे वाचताना

आता शेवटचं. चित्र चाललं की नाही हे यूट्यूब स्टुडिओत कळतं. तिथे Impressions click-through rate असा आकडा असतो. चित्र जितक्या वेळा दिसलं, त्यातल्या शंभरामागे किती वेळा ते उघडलं, हे तो सांगतो. यूट्यूबच्या म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा हा आकडा २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे शंभरात पाच आले तर ते वाईट नाही. सुरुवातीला आपलेच नातेवाईक आणि नेहमीचे बघणारे उघडतात, म्हणून आकडा मोठा दिसतो. पुढे तो अनोळखी लोकांपर्यंत गेला की उतरतो. लगेच घाबरून चित्र बदलू नका.

पण हा आकडा एकटा वाचायचा नाही. त्याच्यासोबत, पहिल्या ३० सेकंदांनंतर किती जणी थांबल्या, तेही बघायचं. हिशोब करून बघू. समजा, लाल तर्रीचं चित्र हजार जणींना दिसलं आणि ९० जणींनी उघडलं. तर्री दिसेना म्हणून ३० सेकंदांत ६० जणी परत गेल्या, राहिल्या ३०. दुसरं, खरं चित्र हजार जणींना दिसलं आणि ६० जणींनीच उघडलं, पण त्यातल्या ४५ थांबल्या. पहिल्या चित्राचा टक्का नऊ, दुसऱ्याचा सहा. टक्का पाहिला तर पहिलं जिंकलं. पण शेंगोळे शिकल्या त्या दुसऱ्या चित्रातल्या जास्त, आणि पीठ मागवणाऱ्याही त्यांच्यातूनच निघणार.

यूट्यूबही याच बाजूनं बघतं. संगणकावरच्या स्टुडिओत एका व्हिडिओला तीन चित्रं लावून तुलना करायची सोय आहे. ज्या चॅनेलला प्रगत सुविधा मिळाल्या आहेत त्यांना ती वापरता येते. त्यात जिंकणारं चित्र ठरतं ते किती जणींनी उघडलं यावर नाही, तर कुठल्या चित्रामुळे व्हिडिओ जास्त वेळ पाहिला गेला यावर. शिवाय आत नाही ते चित्रात दाखवून फसवणं यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी भारतासाठी अशा फसव्या शीर्षकांवर आणि चित्रांवर जास्त कडक लक्ष ठेवू, असं जाहीर केलं. तो भर मुख्यतः बातम्यांच्या व्हिडिओंवर आहे, पण नियम स्वयंपाकाच्या चॅनेललाही लागू आहे.

टक्का चांगला आणि थांबणाऱ्या कमी, असं दिसलं तर चित्र जास्त बोलतंय असं समजा, नाहीतर चित्रातली गोष्ट व्हिडिओत फार उशिरा येतेय. थांबणाऱ्या चांगल्या पण उघडणाऱ्या कमी, असं असेल तर व्हिडिओ ठीक आहे, चित्र पुसट आहे. तेव्हा रंग चढवू नका. भांडं दारापाशी न्या, जवळून फोटो घ्या आणि आपण नेमक्या कुठल्या अडचणीचं उत्तर देतोय, ते पुन्हा एकदा विचारा.

आमचं दोन वाट्यांचं चित्र लागल्यावर आम्ही त्या ताईंना फोन करून सांगितलं की पीठ ताजंच होतं, चूक आमच्या चित्राची होती. त्यांनी नवा व्हिडिओ बघून उरलेल्या पिठाचे शेंगोळे केले आणि फोटो पाठवला. फोटो अंधारात काढलेला, तपकिरी, स्टीलच्या ताटलीत. पण शेंगोळे सगळे शाबूत होते.